दोन स्वल्पविराम आणि एक मुलगी

छापखान्यात तिला सगळे विरामबाई म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बरं, हे नाव कुणी लाडानं ठेवलेलं नव्हतं. अर्धविरामावरून खिळे जुळवणाऱ्या एका जुळाऱ्याशी ती इतकी कडाकडा भांडली, की तो दुसरीकडे नोकरी शोधून निघूनच गेला आणि जाताना हे नाव मागे ठेवून गेला. तिला ते आवडायचं, पण तसं ती बोलून दाखवायची नाही.

तिचं काम मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासायचं. जिन्याखालच्या खोलीत एक लांबट टेबल, वाकडी मान करून उभा असलेला दिवा, आणि समोर भोंगा. भोंगा म्हणजे मूळ मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस. आवाज असा, की पलीकडच्या खोलीत कागद कापायचं यंत्र चालू असलं तरी त्याचा शब्द न् शब्द कानावर आदळायचा. त्यानं मूळ कागद वाचायचा आणि बाईनं समोरच्या छापील मुद्रितावर लाल पेन फिरवत जायचं. नुसते शब्द वाचून भागत नाही. विरामचिन्हंही बोलावी लागतात. स्वल्पविरामाला 'स्वल्प', अर्धविरामाला 'अर्धा' आणि पूर्णविरामाला 'पूर्ण'. वर्षानुवर्षं हेच चालल्यामुळे भोंगा घरीसुद्धा "चहा स्वल्प साखर कमी पूर्ण" असं म्हणतो, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. खरंखोटं देव जाणे.

त्या दिवशी मसुदा वर्गाची स्मरणिका टेबलावर आली; बंद पडलेल्या त्या वर्गाच्या जुन्या विद्यार्थ्यांनी कार्यक्रम ठरवला होता. मसुदा वर्ग म्हणजे कचेऱ्यांमधल्या कारकुनांना नियम, ठराव, अहवाल कसे लिहावेत ते शिकवणारा संध्याकाळचा वर्ग. तो सुरू केला काकांनी. हे काका म्हणजे विरामबाईच्या आईचा दुसरा नवरा. आईनं त्यांच्याशी लग्न केलं तेव्हा ही परकरी पोर होती. "यांना काका म्हण," असं आईनं तेव्हा सांगितलं आणि तेच कायम झालं. काकांना पहिल्या बायकोची एक मुलगी होती, ती ताई. ताई 'बाबा' म्हणायची आणि ही 'काका'. एकाच ताटात जेवायच्या, एकाच माणसाकडून ओरडा खायच्या, पण हाक मात्र वेगळी.

आणि ओरडा कशावरून? विरामचिन्हांवरून! दुसऱ्यांच्या घरी मुलींना पाढे विचारत असतील, इथे जेवताना वाक्यं विचारली जायची. "स्वल्पविराम म्हणजे दम खायची जागा नव्हे," हे काकांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडायची नाहीत. त्याच्या अंगात तेवढा जोर नाही. अर्धविराम द्या, पूर्णविराम द्या, नाहीतर 'आणि', 'पण', 'म्हणून' यांच्यापैकी कुणाला तरी मध्ये उभं करा." मुली म्हणायच्या, आम्ही बोलताना तर सारखं तसंच बोलतो. काका म्हणायचे, "बोला ना. बोलताना तोंड वेंगाडता, खांदे उडवता, कागदाला खांदे आहेत का?" आणि स्वतःच हसायचे, कारण हेच वाक्य कागदावर उतरवलं असतं तर त्यांनीच त्यावर हिरवी शाई ओतली असती.

तिसरा धडा जरा अवघड होता. 'जो', 'जी', 'जे' घेऊन वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य शिरतं, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना स्वल्पविराम द्यायचे की नाही? काका म्हणायचे, "ते आतलं वाक्य तळहातानं झाका. बाहेर उरलेलं त्याच माणसाबद्दल बोलत असेल, तर आतली माहिती वरकड आहे. तिला दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम द्या. पण झाकल्यावर नेमका कोण माणूस तेच कळेनासं झालं, तर ती माहिती त्या माणसाची ओळख आहे. मग स्वल्पविराम द्यायचे नाहीत." ताईला हे पटकन कळलं. धाकटीला कळायला वेळ लागला, पण एकदा कळल्यावर तिच्या डोक्यातून ते काही गेलं नाही. तिची भाकरीच त्यावर चालली म्हणा ना.

तर स्मरणिकेत काकांचं मनोगत होतं. काकांनी सांगितलं, वर्गाच्या जुन्या लिपिकानं टंकून घेतलं. तो लिपिक काकांचाच विद्यार्थी, पण उपड्या घड्यावर पाणी. काका श्वास घेतील तिथे त्यानं स्वल्पविराम मारला होता आणि या वयात काकांना श्वास पुष्कळ घ्यावे लागत होते. छापखान्यानं जसंच्या तसं जुळवून पहिलं मुद्रित पाठवलं. "माझं मी बघेन, कुणी हात लावायचा नाही," असा काकांचा निरोप होता. त्यांनी हिरव्या शाईनं तपासून परत पाठवलं, त्या दुरुस्त्या घालून नवं मुद्रित निघालं आणि आता दोन्ही ताडून बघायचं काम विरामबाईकडे आलं होतं. छपाई दुसऱ्या दिवशी. मालक दारात डोकावून सांगून गेले, "बाई, यात घोळ नको. मोठी माणसं येणारेत कार्यक्रमाला."

भोंग्यानं हिरव्या शाईचा कागद उचलला आणि घसा खाकरला.

"वर्ग संध्याकाळी भरे अर्धा दिवे कमी होते आणि विद्यार्थी जास्त होते पूर्ण."

लिपिकानं तिथे नुसते स्वल्पविराम टाकून तीन वाक्यांची माळ ओवली होती. काकांनी एका ठिकाणी अर्धविराम दिला, दुसऱ्या ठिकाणी 'आणि' उभा केला. बाईला बरं वाटलं. ऐंशी ओलांडली तरी म्हातारा हलला नाही जागचा!

"विद्यार्थी जे उशिरा येत त्यांना मी दाराबाहेर उभे करत असे पूर्ण. इथे दोन स्वल्प होते, ते काकांनी उडवलेत," भोंगा म्हणाला.

बाई हसली. लिपिकाच्या त्या स्वल्पविरामांचा अर्थ असा होत होता, की सगळेच विद्यार्थी उशिरा येत आणि सगळेच दाराबाहेर उभे राहत. मग काका आत शिकवायचे कुणाला, फळ्याला? उशिरा येणारे तेवढेच बाहेर, हे सांगायचं तर ते स्वल्पविराम जायलाच हवेत. काकांनी बरोबर उडवले होते.

पुढचा परिच्छेद आला. भोंगा त्याच्या एकसुरी आवाजात वाचत होता, "निवृत्तीनंतर मी लेखन सोडले होते पूर्ण. माझी मुलगी स्वल्प जी छापखान्यात मुद्रिते तपासते स्वल्प तिने मला पुन्हा लिहिते केले पूर्ण."

बाईचं पेन थांबलं.

"परत वाचा."

भोंग्यानं परत वाचलं. तेच.

"हे स्वल्प लिपिकाचे की काकांचे?"

"हिरवे आहेत. काकांचे. लिपिकानं इथे काहीच दिलं नव्हतं. बाकी सगळीकडे उधळलेत, इथेच बिचाऱ्याचे संपले असतील."

तिनं कागद हातात घेऊन पाहिला. दोन हिरवे स्वल्पविराम, नीट, ठसठशीत. हात कापल्याची खूण नाही. तिनं नकळत आतल्या वाक्यावर तळहात ठेवला. 'माझी मुलगी तिने मला पुन्हा लिहिते केले.' एवढं उरलं. म्हणजे कोणती मुलगी हे सांगायची गरजच नाही. म्हणजे मुलगी एकच. आणि ती एक म्हणजे ही, छापखान्यातली, काका म्हणणारी, आईबरोबर आलेली.

आधी तिच्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला बोला, सुखाचाच काटा होता तो. उभ्या जन्मात काकांनी तिला कधी 'माझी मुलगी' म्हटलं नव्हतं. कुणी विचारलं तर 'हिची मुलगी' म्हणायचे. आता छापून म्हणत होते, तेही वर स्वल्पविराम देऊन! आणि लगेच दुसऱ्या क्षणाला प्रश्न पडला. ताई कुठे गेली?

ताई परदेशी होती. आई गेली तेव्हा ती आली नाही. फोनवर काका तिला काहीतरी बोलले, ती त्याहून वाईट काहीतरी बोलली आणि दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. पण ती या कार्यक्रमाला येणार होती. आदल्याच दिवशी तिचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली होती, "बाबांनी लिहिलंय ना त्यात? माझं काही आहे का गं?" बाईनं तेव्हा सांगितलं होतं, "अजून माझ्याकडे आलं नाही." ते खरंही होतं.

आता आलं होतं. कार्यक्रमाला शेकडो माणसं आली असती, मोठी माणसंही आली असती, पण त्या दोन स्वल्पविरामांचा अर्थ त्यांच्यातल्या एकालाही लागला नसता. तो लागणार होता फक्त ताईला. जेवताना तोच घास तिलाही भरवला होता. ती वाचणार आणि तिला कळणार, की बापानं आपल्याला हिरव्या शाईनं घरातून काढून टाकलं.

"काढून टाका ना," भोंगा म्हणाला. बाईचा चेहरा बघून त्यानं सगळं विचारून घेतलं होतं. "दोन तर टिकल्या आहेत. कोण बघतंय?"

"लेखकाची दुरुस्ती आपण काढायची नाही."

"मग राहू द्या."

"ती चूक आहे! मुली दोन आहेत."

"मग काढा."

"अहो, पण त्यांनी मुद्दाम दिलेत!"

"बाई, मी नुसता वाचतो," भोंगा हात जोडून म्हणाला. "मला यात घेऊ नका."

तिचं डोकं भणभणायला लागलं. काकांनी चूक केली की ठरवून केलं? चूक म्हणावी तर त्याच पानावर बाकीच्या दुरुस्त्या सुईनं टिपल्यासारख्या. ठरवून म्हणावं तर एवढा कडू माणूस नव्हे तो. की होता? फोनवर काय बोलला होता ते कुठे कुणाला माहीत होतं! आणि खरी गोम पुढेच होती. स्वल्पविराम काढले तर वाक्य बिनचूक होत होतं, पण मग ती मुलगी कशी? तर छापखान्यात मुद्रितं तपासते, ती. दोघींपैकी एक. ओळख पटवायला छापखाना जोडावा लागणारी. स्वल्पविराम राहिले तर ती नुसती मुलगी. ते राहावेत असं तिला वाटत होतं. मनापासून वाटत होतं. आणि तसं वाटतंय याचीच तिला लाज वाटत होती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये लाल पेन घेऊन ही.

"पुढे वाचा," ती म्हणाली. निदान एखादी तरी चूक सापडू दे, असं तिला वाटत होतं. म्हातारा थकलाय, नजर गेलीय, असं म्हणायला काही आधार.

आणि ती सापडली. भोंगा वाचत होता, "माझी पत्नी गेली स्वल्प वर्ग बंद पडला पूर्ण."

"स्वल्प? अर्धा नाही?"

"स्वल्प. लिपिकाचाच आहे. काकांनी हात लावलेला नाही."

दोन पूर्ण वाक्यं, मध्ये एकटा स्वल्पविराम. काकांच्या लेखी हे महापाप. पहिल्या दिवशी पहिल्या बाकावरच्या माणसाला ते हेच शिकवत. ते यांच्या नजरेतून सुटलं? म्हणजे नजर जाते. म्हणजे वरचे दोनही नजर गेल्यामुळेच. बाईचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. सुटणं वेगळं आणि घालणं वेगळं. डोळा चुकून स्वल्पविराम सुटेल, डोळा चुकून कुणी दोन नवे स्वल्पविराम नेमक्या जागी कसे देईल? म्हणजे आधी नव्हता तो गोंधळसुद्धा आता झाला. तिनं समासात एक लाल प्रश्नचिन्ह काढलं, दोन्ही कागद पिशवीत घातले आणि उठली.

"मालकांनी विचारलं तर?" भोंगा म्हणाला.

"सांगा, लेखकाला भेटायला गेलीय."

काकांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. वाटेत तिनं मनात वाक्यं जुळवली. 'काका, एक शंका आहे.' हे ठीक. 'काका, ताई तुमची मुलगी आहे की नाही?' हे काही ठीक नाही. 'काका, मी आहे का?' हे तर अजिबात नको. बोलायचं म्हटलं की कुठलंच वाक्य पुरं होईना. दार उघडंच होतं. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, पायावर घडी घातलेलं पांघरूण, हातात भिंग.

"चूक सापडली वाटतं," ते म्हणाले. हिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"एक सापडली. एक कळत नाही."

"सापडलेली आधी."

तिनं वाचून दाखवलं, भोंग्यासारखंच. "माझी पत्नी गेली स्वल्प वर्ग बंद पडला पूर्ण."

काकांनी पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "तिथे अर्धविराम हवा. मला दिसलं नाही. म्हणजे, मी त्या ओळीकडे बघितलंच नाही. वरची ओळ बघितली, खालची बघितली. ती बघवली नाही गं."

बाईनं मान खाली घालून लाल अर्धविराम दिला. आई दोघांचीही माणूस होती.

"आता न कळलेली," काका म्हणाले.

"माझी मुलगी स्वल्प," तिनं सुरुवात केली आणि पुढचं वाचणं सोडून दिलं. तिनं कागदच पुढे केला. काकांनी भिंगातून पाहिलं.

"यात काय कळलं नाही?"

"हे स्वल्प तुम्ही दिलेत?"

"मीच. त्या गाढवानं दिले नव्हते."

"का दिलेत?"

काका चिडले. शिकवलेलं कुणी परत विचारलं की ते चिडायचेच. "का म्हणजे? हात ठेव बघू आतल्या वाक्यावर. ठेव. छापखाना झाकला. आता वाच. माझी मुलगी. तू छापखान्यात असलीस काय, नसलीस काय, उद्या ते दुकान बंद पडलं काय, तू मुलगी आहेस की नाही? आहेस. मग ती माहिती वरकड झाली. वरकड माहितीला स्वल्पविराम द्यायचे. स्वल्पविराम नसले तर असं दिसतं, की छापखान्यामुळे तू माझी कोणीतरी लागतेस. तसं मी छापू देईन?" मग आवाज एकदम खाली आला. "मला तोंडानं बोलता येत नाही हे. कधी आलं नाही. तुझ्या आईनं तुला काका म्हणायला सांगितलं, मला वाटलं तुलाच तसं हवं असेल. मग राहिलं ते राहिलं. म्हटलं, हिला स्वल्पविराम कळतात. एवढं कळेल."

बाई रडायला लागली. चांगली हुंदके देऊन, भर दुपारी, हातात मुद्रित घेऊन. काका घाबरले. "अगं, बरोबर आहेत ना ते?" ते म्हणाले.

"काका," ती नाक पुसत म्हणाली, "माहिती वरकड केलीत, ते बरोबर. पण मग मुलगी एकच होते. ताईचं काय?"

काकांच्या हातातलं भिंग पांघरुणावर पडलं. त्यांनी कागद जवळ ओढला, लांब धरला, पुन्हा जवळ ओढला. ओठ हलत होते. जन्मभर हजार माणसांना शिकवलेला नियम ते पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे चाचपून बघत होते.

"होतं खरं," ते म्हणाले. "एकच होते. अरेच्चा." आणि थोड्या वेळानं, "ती वाचणार ना हे?"

"येणारेय ती. विचारत होती, माझं काही आहे का म्हणून."

"असं विचारत होती?"

"हो."

त्यांना हे खरंच सुचलं नव्हतं, का आत कुठेतरी ताईवरचा राग होता आणि त्यानं त्यांचा हात धरला होता, हे विरामबाईला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. त्यांचा चेहरा बघून वाटलं, काही सुचलं नव्हतं. पण एवढी मोठी गोष्ट न सुचणारा माणूस उशिरा येणाऱ्या पोरांचे स्वल्पविराम कसे टिपतो? त्यांना स्वतःलाही ते सांगता आलं नसतं बहुधा. ते खिडकीबाहेर बघत होते आणि खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते. मसुदा डोक्यात जुळवायची त्यांची तीच सवय होती.

"लिही," ते म्हणाले. "मला दोन मुली आहेत."

तिनं समासात लिहिलं. पुढे थांबली.

"आता काय देशील?" काकांनी विचारलं. वर्गातला आवाज.

"पुढे पूर्ण वाक्य आहे?"

"आहे."

"मग अर्धा."

"दे. पुढे. धाकटी, जी छापखान्यात मुद्रिते तपासते, तिने मला पुन्हा लिहिते केले. धाकटी एकच आहे, त्यामुळे स्वल्पविराम राहतील. तुझे ते स्वल्पविराम मी काढू देणार नाही. आणि थोरलीही कुठे गेली नाही. अर्धविरामाच्या अलीकडे आहे ती. बसतंय का सगळं?"

बसत होतं. जागा पुरत होती, अर्थ पुरत होता. 'मला दोन मुली आहेत; धाकटी, जी छापखान्यात मुद्रिते तपासते, तिने मला पुन्हा लिहिते केले.' तिनं एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. डोळे गळत होते म्हणून तिसऱ्यांदा काकांनीच वाचून दाखवलं, विरामांसकट.

कार्यक्रमाच्या दिवशी ताई थेट विमानतळावरून आली. बॅग घेऊनच सभागृहात शिरली आणि शेवटच्या रांगेत बसली. काका पुढे व्यासपीठावर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं की नाही, तेही बाईला नीट कळलं नाही. एक जण मान वर करायचा तेव्हा दुसरा खाली घालायचा. भाषणं सुरू झाली. बाई ताईच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं स्मरणिका तिच्या मांडीवर ठेवली. आधीच्या मुद्रिताबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. ते मुद्रित तिनं छापखान्यातच फाडून टाकलं होतं. लेखकाच्या हातचा कागद तिनं फाडला, असं आजवर कधी झालं नव्हतं.

ताईनं मनोगताचं पान काढलं. तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. ती उगाच घाईनं वाचत होती, शेवट कुठे येतो ते बघत असल्यासारखी. मग बोट एका ठिकाणी थांबलं. पुढे सरकलं आणि पुन्हा मागे आलं.

"हे तू घातलंस?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"नाही गं. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं."

"अर्धविरामासकट?"

"अर्धविरामासकट."

ताईनं पुस्तक मिटलं नाही. बोट तिथेच होतं. व्यासपीठावर कुणीतरी काकांच्या शिस्तीबद्दल लांबलचक बोलत होतं आणि लोक हसत होते.

"दोन म्हणालेत," ताई म्हणाली. मग तिनं बॅग पायानं बाजूला सारली आणि उठून पुढच्या रांगेकडे चालायला लागली.